दुकानाला पिन, वाटेवरच्या माणसाला लाईव्ह

लग्नसराई आली की आपल्या फोनवर दिवसातून दहा वेळा एकच निरोप येतो, ‘जरा लोकेशन पाठवा.’ कार्यालय शोधणारे पाहुणे विचारतात, गटाच्या दुकानात मसाला घ्यायला येणारं गिऱ्हाईक विचारतं, पापडाची पोती उचलायला आलेला टेम्पोवाला विचारतो. आपण हातातलं काम बाजूला ठेवतो, फोन उघडतो आणि जे बटण समोर दिसेल ते दाबून मोकळ्या होतो. आज बोलायचं आहे ते त्या बटणाबद्दल. तिथे एक नाही, दोन वेगवेगळी बटणं असतात, आणि त्या दोन्हींचं काम अगदी निराळं आहे.

एक आहे स्थिर लोकेशन, ज्याला आपण पिन म्हणतो. पिन म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. एकदा ठोकला की तुम्ही घरी जा, शेतात जा, माहेरी जा, खुंटा जागचा हलत नाही. दुसरं आहे लाईव्ह लोकेशन. ते म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा. घंटेच्या आवाजावरून गाय आत्ता कुठे चरते आहे ते कळतं, गोठा कुठे आहे ते कळत नाही. लाईव्ह लोकेशन तुमच्या फोनचा ठावठिकाणा सांगतं, दुकानाचा नाही. तुम्ही दुकानात असाल तोवर दोन्ही एकाच जागी दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. तुम्ही उंबरा ओलांडला की फरक पडतो.

बटणं कुठे असतात

व्हॉट्सॲपवर ज्यांना लोकेशन पाठवायचं त्यांचं नाव उघडा. आपण जिथे मजकूर लिहितो त्या पट्टीत एक पेपरक्लिपसारखी खूण असते, काही फोनवर तिथे अधिकची खूण असते. ती दाबली की फोटो, कागदपत्र वगैरेंसोबत `Location` दिसतं. ते दाबलं की नकाशा उघडतो आणि खाली दोन ओळी येतात. एक ओळ `Share live location`, दुसरी `Send your current location`. तुमचा फोन मराठीत लावलेला असेल तर हेच शब्द मराठीत दिसतील, पण क्रम आणि खुणा साधारण अशाच असतात.

`Share live location` दाबलं की फोन विचारतो, किती वेळ? १५ मिनिटं, १ तास की ८ तास. तुम्ही निवडलेला वेळ संपेपर्यंत तुमचा फोन जिथे जाईल तिथे तुमची खूण समोरच्याच्या नकाशावर सरकत राहते. तुम्ही व्हॉट्सॲप बंद करून फोन पिशवीत टाकला तरी ते चालूच राहतं. वेळ संपला की समोरच्याच्या फोनवर `Live location ended` असं येतं.

`Send your current location` दाबलं की त्या क्षणी तुम्ही जिथे उभ्या आहात तिथला खुंटा ठोकला जातो आणि तो निरोपासारखा समोरच्याकडे जातो. नंतर तुम्ही कुठेही गेलात तरी ती पिन हलत नाही, आणि तिला मुदतही नसते. आज पाठवलेली पिन पुढच्या महिन्यात उघडली तरी तीच जागा दाखवते.

लग्नाच्या दिवशी काय होतं

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर मंगल कार्यालय आहे. मुहूर्त साडेअकराचा. नवरीचा भाऊ पहाटेपासून कार्यालयात आहे. पाहुण्यांचे फोन सुरू होतात, म्हणून सकाळी ७ वाजता तो घरच्या मोठ्या ग्रुपवर ८ तासांचं लाईव्ह लोकेशन टाकतो. मनात हेतू चांगलाच आहे, की दिवसभराचं काम एकदाच होऊन जाईल.

नऊ वाजता फुलवाल्याचा फोन येतो, हार तयार आहेत, घेऊन जा. भाऊ मोटारसायकल काढून बाजारात जातो. तिथून एसटी स्टँडवर उतरलेल्या आत्याला आणायला जातो. त्याच वेळी पुण्याहून निघालेले मामा तालुक्याच्या वेशीवर पोहोचतात आणि ग्रुपवरचं लोकेशन उघडतात. त्यांना खूण दिसते ती स्टँडवर. मामा गाडी गावात घालतात. स्टँडजवळ येतात तोवर भाऊ आत्याला घेऊन परत निघालेला असतो. बाजाराचा दिवस, अरुंद रस्ता, गाडी मागे घ्यायला जागा नाही. कार्यालय मोठ्या रस्त्यालाच होतं, गावात शिरायची गरजच नव्हती. पण मामांना कार्यालय दाखवलंच नव्हतं, दाखवला होता भाचा.

पुढे आणखी दोन गोष्टी होतात. मुहूर्ताच्या धांदलीत भावाचा फोन बंद पडतो, किंवा कार्यालयात रेंज जाते. मग खूण जिथे शेवटची दिसली होती तिथेच अडकून राहते, आणि पाहणाऱ्याला वाटतं हीच बरोबर जागा. आणि दुपारी ३ वाजता ८ तास पुरे होतात. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला येणारी मंडळी चार वाजता ग्रुप उघडतात तेव्हा तिथे `Live location ended` एवढंच असतं. मग पुन्हा फोन, आणि फोन उचलायला कुणी मोकळं नसतं.

याहून मोठी अडचण म्हणजे लाईव्ह लोकेशन आधी पाठवताच येत नाही. ते ‘आत्ता’चं असतं. लांबचा पाहुणा मात्र आदल्या रात्रीच विचार करतो, किती वाजता निघावं, कुठल्या रस्त्याने जावं, टोल कुठे लागेल. त्याला हवी असते पिन. ती पत्रिकेसोबत पंधरा दिवस आधी पाठवता येते आणि तो ती शांतपणे उघडून पाहतो.

दुकानाच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर

लग्नात फार तर पाहुणा चुकतो. दुकानाच्या बाबतीत गोष्ट आपल्या स्वतःच्या सुरक्षिततेशी येऊन ठेपते. बघा, दुपारी दोन वाजता गटाच्या दुकानात एका अनोळखी नंबरवरून फोन येतो. दोन किलो मसाला हवा आहे म्हणतो, लोकेशन मागतो. दुकानात बसलेली ताई लाईव्ह दाबते आणि ८ तास निवडते. सहा वाजता ती दुकान बंद करते, दिवसाचा गल्ला पिशवीत घालते आणि पायवाटेने वस्तीकडे निघते. त्या अनोळखी माणसाच्या फोनवर रात्री दहापर्यंत दिसत राहतं, की ती कुठल्या वाटेने गेली, कुठे थांबली, कुठल्या घरात शिरली. तो माणूस चांगलाही असेल, बहुतेक वेळा असतोच. पण मसाला विकत घेण्यासाठी आपल्या घराची वाट कुणाला कळायची काय गरज?

हेच गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर केलं तर एका माणसाला नाही, ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. दुकानाच्या ग्रुपवर दीडशे नंबर असले तर त्यातले किती जण आपल्या ओळखीचे असतात, ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

आता एक बारीक गोष्ट नीट ऐका. `Send your current location` सुद्धा ‘मी आत्ता जिथे आहे’ तेच पाठवतं. रात्री घरी स्वयंपाक करताना कुणी दुकानाचं लोकेशन मागितलं आणि तुम्ही हे बटण दाबलंत, तर दुकानाची नाही, तुमच्या घराची पिन जाते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी थेट दारात उभं राहतं. म्हणून पिन दर वेळी नव्याने काढायची नाही. एकदाच नीट काढायची, जपून ठेवायची आणि मागेल त्याला तीच पुढे पाठवायची.

पिन नीट कशी काढायची

त्यासाठी एखाद्या सकाळी दुकानावर किंवा कार्यालयावर मुद्दाम जा. आत बसून पिन काढू नका. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली फोनला आकाशातल्या उपग्रहांचे संदेश नीट मिळत नाहीत आणि पिन पन्नास-शंभर मीटर सरकून शेजारच्या गल्लीत पडू शकते. बाहेर मोकळ्यावर या, फोनचं लोकेशन चालू करा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. नकाशावर तुमचा निळा ठिपका असतो, त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. वर्तुळ मोठं असेल तर फोनला स्वतःलाच खात्री नाही असं समजा. थांबलं की ते आकसतं. व्हॉट्सॲपवर `Send your current location` या ओळीखाली बारीक अक्षरात `Accurate to` आणि पुढे मीटरचा आकडा दिसतो. तो दहा-पंधरापर्यंत खाली आला की मग दाबा. शंभर-दोनशे दिसत असेल तर दाबू नका.

खूप वेळ थांबूनही आकडा कमी होत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला दिलेली लोकेशनची परवानगी पाहा. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये तिथे `Use precise location` असं बटण असतं. ते बंद असेल तर फोन ॲपला नेमकी जागा सांगतच नाही, फक्त अंदाजे परिसर सांगतो, आणि पिन गावाच्या दुसऱ्या टोकाला पडू शकते. ते चालू करा आणि पुन्हा बघा.

आता प्रश्न येतो, नेमकं उभं कुठे राहायचं? मैत्रिणींनो, पिन काढायची ती फाटकात, जिथून गाडी आत वळते तिथे उभं राहून. कार्यालयाच्या मधोमध, स्टेजपाशी नाही. याचं कारण समजून घ्या. नकाशा गाडीला रस्ता दाखवताना पिनच्या सर्वांत जवळचा जो रस्ता त्याला माहीत असतो, तिथपर्यंत नेतो. कार्यालयाची जागा मोठी असते. समोर मोठा रस्ता, मागे कॅनॉलची कच्ची वाट. पिन मागच्या बाजूच्या भटारखान्याजवळ पडली तर नकाशाला कॅनॉलची वाट जवळची वाटते आणि तो पाहुण्यांना तिकडे नेऊन सोडतो. मधे कुंपण, पलीकडे मांडव दिसतोय, सनई ऐकू येतेय, पण आत जायला वाट नाही. पावसाळ्यात तर त्या वाटेवर गाडीच रुतते.

दुभाजकाचा हमरस्ता असेल तर ज्या बाजूला फाटक आहे त्याच बाजूला पिन हवी. रस्त्याच्या अगदी मधे पडली तर नकाशा समोरच्या बाजूला आणून ‘तुम्ही पोहोचलात’ असं सांगू शकतो. मग पाहुण्यांना पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं, नाहीतर म्हातारी माणसं भरधाव रस्ता पायी ओलांडतात. म्हणून फाटकाच्या आत दोन-चार पावलं उभं राहणं बरं.

दुकान घरातच असेल तर वेगळा विचार करा. तिथे पिन स्थिर असली तरी ती घराचीच असते. अनोळखी गिऱ्हाइकाला चौकाची, पाराची किंवा ग्रामपंचायतीसमोरची पिन पाठवा आणि ‘इथे आल्यावर फोन करा’ असं लिहा. ओळख झाली की पुढचं सांगता येतं.

तिथे न जाता पिन काढायची असेल तर

कार्यालय तुमच्या गावापासून लांब आहे, पत्रिका मात्र आजच पाठवायच्या आहेत. अशा वेळी गूगल मॅप उघडा आणि आधी कार्यालयाचं नाव शोधा. नाव सापडलं तरी लगेच पाठवू नका. ‘मातोश्री’, ‘साई’, ‘लक्ष्मी’ या नावांची कार्यालयं जागोजागी असतात. गावांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे, आणि नुसत्या पिंपळगाव नावाची गावं आणखी कितीतरी. म्हणून तालुका, जिल्हा आणि तिथले फोटो बघून खात्री करा. जागा बरोबर असेल तर त्या नावाखालचं `Share` दाबून ती व्हॉट्सॲपवर पाठवा.

नाव सापडलं नाही, किंवा खूण चुकीच्या जागी असली, तर पिन स्वतः ठोकता येते. नकाशावर कोपऱ्यात एकावर एक ठेवलेल्या पानांसारखी खूण असते. ती दाबून `Satellite` निवडा. वरून काढलेलं चित्र दिसेल. त्यात रस्ता, कार्यालयाचं छप्पर, फाटकाजवळचं मोठं झाड असं ओळखत ओळखत दोन बोटांनी चित्र मोठं करा. फाटकाच्या जागी बोट दाबून धरा. लाल पिन पडते आणि खाली `Dropped pin` असं येतं. तिथलं `Share` दाबा. हे वरचं चित्र कधी कधी जुनं असतं, त्यामुळे नव्याने बांधलेलं कार्यालय त्यात मोकळं रान म्हणून दिसू शकतं. तसं असेल तर अंदाजाने पिन न ठोकता तिथल्या व्यवस्थापकाला किंवा जवळच्या नातेवाइकाला फाटकात उभं राहून पिन पाठवायला सांगा.

इथे एक सावधगिरी हवी. गूगल मॅपमध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर किंवा वरच्या आपल्या फोटोवर दाबलं तर तिथेही लोकेशन पाठवायचं बटण येतं. ते जागेचं नाही, तुमचं आहे, आणि त्यात `Until you turn this off` असाही पर्याय असतो. म्हणजे तुम्ही आठवणीने बंद करेपर्यंत ते चालूच राहणार. दुकान किंवा कार्यालय दाखवायचं असेल तर नेहमी त्या जागेच्या खुणेवर दाबून मगच `Share` करायचं, हे ध्यानात ठेवा.

पाठवण्याआधी तपासणी

पिन तयार झाली की ती आधी एका अशा माणसाला पाठवा, ज्याने ती जागा पाहिलेली नाही. दुसऱ्या गावातल्या नणंदेला, भाच्याला कुणालाही चालेल. त्यांना फक्त एवढंच विचारा, रस्ता दाखवणारी निळी रेघ कुठे संपते? ती फाटकाशी संपत असेल तर काम झालं. रेघ आधीच संपून पुढे नुसते ठिपके ठिपके दिसत असतील, तर नकाशाच्या मते गाडी तिथेच थांबणार आणि पुढे पायी जायचं आहे. ठिपके चार पावलांचे असतील तर हरकत नाही. पण ते शेत ओलांडून किंवा कुंपणावरून जात असतील तर पिन चुकीच्या बाजूला पडली आहे. ती टाकून द्या आणि रस्त्याच्या जवळ नवी काढा.

मघाच्या कार्यालयाचंच बघा. समजा पहिली पिन आत मांडवात काढली. भाच्याने उघडली तर रेघ कॅनॉलकडून येते आणि ठिपके कुंपणावरून आत जातात. मग फाटकात उभं राहून दुसरी काढली. आता रेघ मोठ्या रस्त्याने येते आणि फाटकाशी थांबते. ही दुसरी पिन ठेवायची आणि पहिली सगळीकडून डिलीट करायची. दोन्ही फिरत राहिल्या तर कुणाच्या हाती कुठली लागेल ते सांगता येत नाही.

पिनसोबत चार ओळी

नुसती पिन पाठवू नका. ती ज्यांच्या फोनवर उघडत नाही, ज्यांच्याकडे साधा फोन आहे, किंवा ऐन वळणावर ज्यांची रेंज जाते, त्यांना शब्दच वाट दाखवतात. पिनच्या खाली असं लिहा:

‘मंगल कार्यालयाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मोठ्या रस्त्यालाच आहे, गावात शिरू नये. पेट्रोल पंप सोडून पुढे डाव्या हाताला पांढरी कमान. मागच्या कॅनॉलच्या वाटेने येऊ नये. अडचण आल्यास या नंबरवर फोन करा.’

फोन नंबर देताना नवरीच्या आईचा किंवा भावाचा देऊ नका, त्यांचे हात त्या दिवशी मोकळे नसतात. ज्याला दुसरं काम नाही अशा एखाद्या चुलत भावाचा द्या. दुकानाची पिन असेल तर याच चार ओळींत दुकानाची वेळ आणि सुट्टीचा वार लिहा. खुणा लिहिताना कायमच्या लिहा. पाण्याची टाकी, शाळा, मारुतीचं देऊळ चालेल. ‘जिथे उसाचा रस मिळतो तिथे’ असं लिहिलं तर पावसाळ्यात ती गाडी तिथे नसते.

ही पिन आणि या ओळी एकदा तयार झाल्या की गटाच्या सगळ्या जणींकडे पोहोचवा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवून ठेवता येतो. तिथे ती ठेवा आणि बोट दाबून धरून वरची चांदणी दाबा, म्हणजे शोधायला सोपी जाते. कुणी लोकेशन मागितलं की तीच निवडून पुढे पाठवायची. मग तुम्ही घरी असा, बाजारात असा, दवाखान्यात असा, जाणार ती दुकानाचीच पिन.

दुकान हलवलं तर मात्र खुंटा आपोआप हलत नाही, हे विसरू नका. जुनी पिन लोकांच्या फोनमध्ये जुनीच जागा दाखवत राहणार. नव्या जागेची पिन काढून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवा आणि वर ठळक लिहा, ‘दुकान हललं आहे, आधीची पिन डिलीट करा.’

चालू राहिलेलं लाईव्ह कसं बंद करायचं

आज हे ऐकल्यावर घरी गेल्या गेल्या एक गोष्ट पाहा. व्हॉट्सॲपच्या `Settings` मध्ये जा, तिथे `Privacy`, आणि त्यात `Live location`. तुमचं लाईव्ह लोकेशन आत्ता कुणाकुणाला जात आहे त्यांची नावं तिथे दिसतात. कुणीच नसेल तर उत्तम. असेल तर तिथेच बंद करायचं बटण आहे, `Stop sharing`. ज्या निरोपातून लाईव्ह पाठवलं होतं त्या निरोपाखालीही हेच बटण असतं. बंद केलं की त्या क्षणापासून समोरच्याला तुमची हालचाल दिसत नाही. तोवर त्याने जे पाहिलं ते मात्र पाहिलंच.

मग लाईव्ह कधी वापरायचं

लाईव्ह लोकेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. जे हलतं आहे त्याच्यासाठी ते आहे. वऱ्हाडाची गाडी कुठवर आली हे कळलं तर आचाऱ्याला पुऱ्या केव्हा तळायच्या ते ठरवता येतं. मुलगी क्लासहून रात्रीच्या एसटीने येत असेल तर तिने आईला १ तासाचं लाईव्ह पाठवावं, म्हणजे आई वेळेवर फाट्यावर जाऊन उभी राहील. गटाचा माल घेऊन निघालेल्या टेम्पोसाठीही ते कामाचं आहे. अशा वेळी ग्रुपवर न टाकता एकाच विश्वासाच्या माणसाला पाठवायचं, कमीत कमी वेळ निवडायचा, आणि माणूस पोहोचला की `Stop sharing` दाबायचं.

म्हणून बटणाकडे बोट नेताना मनात एकच प्रश्न विचारा. समोरच्याला जागा शोधायची आहे की माणूस? जागा असेल तर पिन. वाटेवरचा माणूस असेल तर लाईव्ह, तेही आपल्या माणसापुरतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक काम करा. दोघी जणींनी दुकानाच्या दारात उभं राहून पिन काढायची, तिसरीने ती आपल्या फोनवर उघडून रेघ कुठे संपते ते बघायचं, आणि चौथीने खालच्या चार ओळी लिहायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. येत्या लग्नसराईत कुणाच्या घरी कार्य असेल तर हीच तपासणी पत्रिका पाठवायच्या आधी त्यांच्या कार्यालयासाठीही करून द्या.